पहिल्या परिच्छेदात काय बसवायचं?
(रुग्णालयांच्या प्रसिद्धी विभागातल्या कर्मचाऱ्यांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, आज नव्या विभागाच्या उद्घाटनाचं एकच प्रसिद्धिपत्रक घेऊ आणि त्याच्या पहिल्या परिच्छेदावरच बोलू. कारण साधं आहे. तालुका पानावर जाहिरात वाढली की उपसंपादक बातमी खालून कापतो. वर स्वागत आणि दीपप्रज्वलन असेल तर छापून तेवढंच येतं.

समजा, खानापुरात एका धर्मादाय रुग्णालयाचा माता-बाल विभाग सुरू होतोय. कच्चं पत्रक बहुधा असं येतं : ‘परमपूज्य स्वामीजींच्या कृपाशीर्वादाने, अनेक मान्यवरांच्या उपस्थितीत, अत्याधुनिक सोयींनी सुसज्ज अशा नूतन विभागाचे उद्घाटन येत्या रविवारी थाटात होत आहे.’ वाक्य संपलं, पण जांबोटीच्या गरोदर बाईला काय कळलं? ती रविवारी पोट घेऊन आली तर तिथे मांडव आणि लाऊडस्पीकर असेल, डॉक्टर मंचावर असतील.

इथंच सगळ्यात मोठी चूक होते. उद्घाटनाची तारीख आणि रुग्ण घ्यायला सुरुवात होण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची नोंदणी लागते, सोनोग्राफी यंत्राला गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालची नोंदणी वेगळी लागते. फीत कापून झाली आणि नोंदणी हातात नसली तर ते यंत्र चालवता येत नाही. म्हणून पत्रक लिहिणाऱ्यानं आधी प्रशासकाला विचारावं : पहिला रुग्ण कोणत्या तारखेला घेणार? आणि ‘येत्या रविवारी’ कधीच लिहू नये. बातमी दोन दिवस उशिरा लागली की रविवार बदलतो. वार आणि तारीख दोन्ही द्या.

दुसरा घोळ खाटांचा. विभागात ३० खाटा आणि ६ वॉर्मर आहेत. एकजण ३० लिहितो, दुसरा ३६. वॉर्मर म्हणजे नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र. ते खाटांत धरायचं की नाही, हे एकदा ठरवून मराठी आणि कन्नड दोन्ही पत्रकांत एकच आकडा ठेवा. बेळगावात दोन्ही भाषांची वर्तमानपत्रं एकाच टपरीवर लटकतात, आकडे वेगळे दिसले की लोक दोन्हींवर शंका घेतात. शिवाय ३० खाटा नव्या की एकूण, हेही स्पष्ट हवं.

तिसरा शब्द ‘चोवीस तास’. बाळंतपण चोवीस तास होतं म्हणजे सिझेरियनही होतं, असं लोक धरून चालतात. पण भूलतज्ज्ञ रात्री फोनवर बोलावून येणार असेल, तर ‘चोवीस तास शस्त्रक्रिया’ लिहू नका; ‘बाळंतपण चोवीस तास, शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ बोलावल्यावर’ असं लिहा. तसंच व्हेंटिलेटर नसताना ‘नवजात अतिदक्षता विभाग’ म्हणू नये. वाक्य कमी चमकतं, पण नंदगडहून रात्री निघालेली गाडी थेट बेळगावला जायला मोकळी राहते.

आता हाच परिच्छेद नीट लिहिला तर :

‘खानापूर, ता. १२ : येथील धर्मादाय रुग्णालयाच्या ३० खाटांच्या माता-बाल विभागाचे उद्घाटन रविवारी (ता. १४ जून) सकाळी १० वाजता होणार असून, बुधवारपासून (ता. १७ जून) तेथे रुग्ण घेतले जातील. त्यामुळे रुग्णालयातील खाटा ५० वरून ८० होतील. बाळंतपणाची सोय चोवीस तास, तर बाह्यरुग्ण तपासणी सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत असेल.’

वॉर्मर वेगळे मोजायचे ठरवले, म्हणून इथं ३०. ते दुसऱ्या परिच्छेदात येतील. पाहुण्यांची नावं तिसऱ्यात. विश्वस्तांना हे आवडत नाही, पण पाहुण्यांची नावं फोटोखालच्या ओळीत बसतात, त्यावर तडजोड होते.

दुसऱ्या परिच्छेदात पैशांचं सांगा. आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत रुग्णालय जोडलेलं आहे का? असेल तर तातडीचा रुग्ण सोडता, खासगी रुग्णालयासाठी सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं, हे एका ओळीत लिहा. नाहीतर लोक बीपीएल कार्ड घेऊन थेट येतात आणि काउंटरवर वाद होतो. नव्या विभागाला योजना लागू झाली आहे का, तेही लेखी तपासा. जुन्या इमारतीला होती म्हणून इथंही असेल, असं धरू नका.

राहिलं पाठवण्याचं. लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, उपसंपादकाला तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि तिथं ‘१७’ चा ‘१४’ होतो. जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूरही नको, दुसऱ्या संगणकावर त्याची अक्षरं फुटतात. युनिकोडमधला साधा मजकूर, सोबत एक फोटो, आणि खाली अशा माणसाचा नंबर, जो संध्याकाळी पान लागत असताना फोन उचलेल.