लॉटरी लागली म्हणून सांगू नका

नमस्कार श्रोतेहो. आंब्याचा हंगाम संपत आला की आपल्याकडे बँकेत भरणा करणाऱ्यांची रांग वाढते. म्हणून आज बोलूया रोख भरण्याबद्दल, बक्षिसाच्या पैशाबद्दल आणि ‘हे पैसे आले कुठून’ या प्रश्नाबद्दल.

बक्षिसाचं आधी उरकतो. लॉटरी असो, दुकानदाराची कूपन सोडत असो, जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर. शंभर रुपयांमागे एकतीस रुपये वीस पैसे. तुमचं बाकीचं उत्पन्न शून्य असलं तरी हा कर लागतो. तिकिटांवर घातलेला खर्चही वजा होत नाही. दहा हजारांच्या वरची रोख रक्कम असेल, तर देणारा 30 टक्के कापूनच देतो आणि ती कपात तुमच्या पॅनवर नोंदली जाते. हे लक्षात ठेवा: कपात पॅनवर नोंदली जाते. पुढच्या गोष्टीत याची गरज लागणार आहे.

देवगडकडचे माझ्या ओळखीचे एक काका. हापूसची कलमं, दारात छोटी होडी, आणि बँकेत जायचा कंटाळा. 2021-22 या वर्षात त्यांच्या बचत खात्यात मिळून 13 लाख 60 हजार रुपये रोख भरले गेले. एका आर्थिक वर्षात एकाच माणसाच्या बचत खात्यांत दहा लाख किंवा जास्त रोख जमा झाली, की बँक ते आयकर खात्याला कळवते. खाती दोन असोत की तीन, बेरीज एकत्र होते. काकांनी रिटर्न कधी भरलंच नव्हतं, त्यामुळे नोटीस आली.

काका भडकले. “पैसे माझे, कष्ट माझे, मगे ह्ये इचारणारे कोण?”

तेवढ्यात मुंबईहून पुतण्याचा फोन. “काका, सोपं आहे. लॉटरी लागली म्हणून लिहा. तीस टक्के भरा आणि मोकळे व्हा.” काकांना ते पटलंही. कागद शोधायची दगदग नको, म्हणाले.

कणकवलीच्या सीए मॅडमनी त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, “काका, लॉटरी लागली असती तर तीस टक्के कापून पैसे आले असते आणि ती कपात तुमच्या पॅनवर दिसली असती. इथे एकही नोंद नाही. म्हणजे तुमचं खोटं साहेबांना पहिल्याच पानावर दिसणार. आणि खरं सांगितलंत तर यातल्या बऱ्याच पैशाला कर लागतच नाही!”

मग चारही वाटांनी आलेले पैसे त्यांनी वेगळे काढायला बसवले.

पहिली वाट आंब्याची, 7 लाख 40 हजार. बागेतला आंबा विकून आलेलं उत्पन्न शेतीचं, त्याला आयकर नाही. पण शेतीचं आहे हे दाखवायला हवं. सातबारा काढला तर त्यावर आजोबांचं नाव आणि खाली पंधरा वारस, निम्मे मुंबईला. हे कोकणातलं जुनं दुखणं आहे आणि माझं ठाम मत आहे की गणपतीला सगळे जमतात तेव्हाच वारस नोंदीचं आणि वाटणीचं काम काढावं. असो. कलमं काकाच राखतात आणि उत्पन्न तेच घेतात, असं वारसांनी लिहून दिलं. पीक पाहणीत आंब्याची नोंद होती. वाशीच्या अडत्याच्या विक्रीपट्ट्या, पेट्या नेल्याची टेम्पोभाड्याची पावती, फवारणीच्या औषधांची बिलं, राखणीला ठेवलेल्या गड्यांच्या पगाराची वही, सगळं निघालं. हायवेवर सुटा विकलेल्या आंब्याच्या पावत्या नव्हत्या, पण काकींच्या वहीत तारीखवार डझन आणि दर लिहिलेले होते. त्या तारखा बँकेत भरणा झालेल्या तारखांशी जुळल्या आणि ती वही उपयोगी पडली. (याच हायवेवर परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणारे पाहिले, की माझा जीव तळमळतो. 2018 मध्ये आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपणच राखायला हवं.)

दुसरी वाट मासळीची, 3 लाख 20 हजार. इथे नीट ऐका, कारण आपल्याकडे बरेच जण गल्लत करतात. समुद्रातली मासेमारी आयकराच्या हिशोबात शेती धरत नाहीत. तो धंदा. मात्र छोट्या धंद्याला सोय आहे: रोख विक्रीच्या 8 टक्के नफा धरून दाखवता येतो. काकांचा नफा धरला 25 हजार 600. करमाफीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, म्हणून कर शून्य. सोसायटीत मासळी दिल्याच्या पावत्या सोबत जोडल्या.

तिसरी वाट दीड लाखाची. घराची कौलं बदलायला काकांनी मार्चमध्ये बँकेतून काढलेले, गवंडी मिळाला नाही म्हणून मेमध्ये परत भरलेले. पासबुकात काढल्याची नोंद होती, गवंड्याने तसं लिहून दिलं. स्वतःचेच पैसे स्वतःच्या खात्यात परत, हे मान्य झालं.

चौथी वाट पुन्हा दीड लाखाची, आणि काका अडकले ते इथे. शेजाऱ्याचे काजूचे पैसे होते. “तुझ्या खात्यात टाक, माका लागतीत तेवा दी,” एवढंच बोलणं. कागद नाही. अशा वेळी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: पैसे देणारा कोण, त्याची तेवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरा झाला का. शेजारी घाबरला, प्रतिज्ञापत्रावर सही करीना.

निकाल असा लागला. 12 लाख 10 हजारांचा खुलासा मान्य. उरलेले दीड लाख स्रोत न सांगता आलेले पैसे ठरले. त्या वर्षीच्या कायद्याप्रमाणे अशा पैशावर 60 टक्के कर, त्या करावर 25 टक्के अधिभार आणि वर उपकर, म्हणजे शंभराला 78. दीड लाखावर 1 लाख 17 हजार, दंड वेगळा. दुसऱ्याच्या पैशासाठी काकांनी हे भरले. आणि पुतण्याचं ऐकलं असतं तर? लॉटरीचा पुरावा नसल्याने अख्खे 13 लाख 60 हजार याच दरात गेले असते. दहा लाखांच्या वर कर!

म्हणून पुन्हा सांगतो. दुसऱ्याची रोकड आपल्या खात्यात भरू नका, सख्ख्या शेजाऱ्याचीही नाही. विक्रीपट्टी फेकू नका. बँकेत भरणा कराल त्या दिवशीच पावतीमागे लिहा, कशाचे पैसे. एकाच माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेऊ नका. घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड होतो, आणि बागेचा व्यवहार ठरवताना हे हमखास विसरलं जातं.

नोटीस आली तर आधी ती खरी आहे का ते बघा. खऱ्या नोटिशीवर दस्तऐवज क्रमांक असतो, तो incometax.gov.in वर टाकून पडताळता येतो. उत्तर तिथेच, दिलेल्या तारखेच्या आत द्यायचं आणि पोच क्रमांक जपायचा.

बक्षिसाचं एक राहिलं. रोख बक्षिसासाठी ‘आधी कर भरा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचा. रोख बक्षिसातून कर कापला जातो, आधी मागावा लागत नाही. मोटारसायकलसारखी वस्तू लागली तर मात्र कर आधी भरावा लागतो. तो घेऊन सोडत काढणारा सरकारजमा करतो आणि कपातीचं प्रमाणपत्र देतो. कुणा व्यक्तीच्या नावावर पैसे पाठवायला सांगितले, तर पाठवू नका.