भाषांतरित पान जतन करताना

मंडळी, आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. परक्या भाषेतला लांब लेख ब्राउझरमध्ये मराठीत करून घ्यायचा आणि नेट नसताना वाचता येईल असा जपून ठेवायचा. उदाहरणाला जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीवरचा एक जर्मन लेख धरू. लांबलचक मजकूर, मध्ये मापांचा तक्ता आणि काही आकृत्या.

क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून भाषांतर मागितलं की मजकूर सर्व्हरकडे जातो आणि मराठी होऊन परत येतो. मात्र सगळा लेख एका दमात मराठी होत नाही. डोळ्यासमोर असलेला आणि त्याच्या आसपासचा भाग आधी होतो, बाकीचा आपण खाली सरकू तसतसा. चित्रांचंही बऱ्याच साइट्सवर तेच असतं, जवळ गेल्याशिवाय ती उतरतच नाहीत. म्हणून वरचा परिच्छेद मराठीत दिसला की लगेच जतन करणारा माणूस फसतो. फाइल उघडली की निम्मा लेख जर्मन आणि आकृत्यांच्या जागी करड्या चौकटी. आधी सावकाश शेवटच्या ओळीपर्यंत जा, प्रत्येक ठिकाणी मजकूर बदलू द्या, आणि मगच Ctrl+S दाबा.

आता क्रोम तीन पर्याय देतो आणि खरी गोम इथेच आहे. HTML Only घेतलं तर साइटनं पाठवलेला मूळ मजकूरच फाइलमध्ये जातो, म्हणजे आपली मराठी गेली. Complete मध्ये पडद्यावरची मराठी येते आणि चित्रांचं वेगळं फोल्डर बनतं. पण पानातल्या स्क्रिप्टही सोबत येतात आणि फाइल उघडताच पुन्हा चालू लागतात. सर्व्हर सापडला नाही की काही पानं कोरी होतात, काहींवर कुकीजची खिडकी पुन्हा येऊन बसते. शिवाय फाइल एकीकडे आणि फोल्डर दुसरीकडे गेलं की चित्रं तुटलीच. म्हणून माझा कौल Single File ला. यात .mhtml ही एकच फाइल बनते. पान त्या क्षणी जसं होतं तसं, चित्रांसकट, आणि स्क्रिप्ट चालत नाहीत. ही फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर वरच अशा ओळी दिसतील:

```
From: <Saved by Blink>
Snapshot-Content-Location: https://...
```

दुसऱ्या ओळीत लेखाचा मूळ पत्ता असतो. लेख कुठला होता हे वर्षभरानं आठवत नसलं तरी फाइलच सांगते. अडचण एक आहे. फायरफॉक्स .mhtml उघडत नाही. फाइल कुणाला पाठवायची असेल, तर प्रिंटमधून पीडीएफ करावी.

मग रीडर मोड कुठे वापरायचा? मी तो मूळ भाषेतल्या प्रतीसाठी वापरते. फायरफॉक्समध्ये विंडोजवर F9 दाबलं की जाहिराती आणि बाजूच्या पट्ट्या जातात. त्यामागे Readability नावाचा कोड आहे, आणि तो पानाचा अर्थ समजत नाही, गुण मोजतो. परिच्छेद लांब असला, त्यात स्वल्पविराम बरेच असले, तर गुण वाढतात. एखाद्या तुकड्यात लिंकच जास्त असतील तर कमी होतात. 25 अक्षरांहून लहान परिच्छेदाला तर गुणच नाहीत. त्यामुळे सलग लेखावर तो छान चालतो, पण दोन-दोन शब्दांच्या ओळी किंवा चौकटीतली सूचना कधीकधी गाळतो. गाळलं तरी तसं सांगत नाही, आणि हीच मला त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते. आपल्या लेखात मापांचा तक्ता आला का, इशाऱ्याची चौकट आली का, हे मूळ पान शेजारी ठेवून बघा. सगळं आलं असेल तर तिथूनच पीडीएफ करा.

मूळ प्रत हवीच, कारण भाषांतर नेमकं दुरुस्तीच्या जागी घसरतं. स्क्रू सैल करू नका याचं करा झालं, तर मराठी वाक्य वाचायला अगदी सुरळीत लागतं. आकृतीच्या आत छापलेली अक्षरं तर चित्राचाच भाग असतात, ती जर्मनच राहतात. तेव्हा तक्त्यातले आकडे आणि नकार असलेली वाक्यं दोन्ही प्रती समोर ठेवून जुळवा. त्यासाठी जर्मन यायला हवं असं नाही, nicht आणि kein एवढे शब्द शोधले तरी नकाराची बहुतेक वाक्यं सापडतात.

शेवटी तपासणी. नेट चालू असताना फाइल उघडून बघण्यात अर्थ नाही, कारण फाइलमध्ये नसलेलं चित्रही तेव्हा साइटवरून येऊ शकतं आणि सगळं ठीक वाटतं. वाय-फाय बंद करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, मग फाइलवर क्लिक करा. शेवटचा परिच्छेद मराठीत आहे का आणि शेवटची आकृती दिसते का, एवढंच आधी बघा. ती दोन्ही असतील तर मधलं बहुधा आलेलं असतं.