गणूसबाजीने खरेदी दिली

(वकिलांच्या अभ्यासवर्गात पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, मोडीचा इतिहास मी आज सांगणार नाही. त्यासाठी या शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दफ्तर आहे, आणि तिथे माझ्यापेक्षा जाणती माणसं भेटतील. आपल्याला काम पडतं ते वेगळ्या कागदाशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातली फेरफार नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढलेली नक्कल, आणि पुढच्या तारखेला लिप्यंतर दाखल करा म्हणून तुमच्यामागे लागलेला पक्षकार. त्यातल्या एकाच ओळीबद्दल मी बोलणार आहे. ओळ शिकवण्यासाठी मी रचली आहे, नावंही माझीच, पण तिच्यातल्या अडचणी खऱ्या वह्यांमधल्या आहेत.

फळ्यावर बघा: ‘सनं१४पैकीहिसा१गणूसबाजीनेखरेदीदीली’.

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द संपला म्हणून रेघ तुटत नाही. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार मनात आला तर. आपल्याला ‘हिसा’ दिसतं तिथे ‘हिस्सा’ आहे, ‘दीली’ म्हणजे ‘दिली’. एवढं कळायला फार अडत नाही. अडतं ते ‘गणूसबाजीने’ इथे.

हे ‘गणू सबाजीने’ आहे की ‘गणूस बाजीने’? पहिलं धरलं तर सबाजीचा मुलगा गणू याने जमीन विकली. दुसरं धरलं तर बाजीने ती गणूला विकली. अक्षर एकही बदललेलं नाही, फक्त मधली जागा सरकली, आणि विकणारा तोच घेणारा झाला. शंभर वर्षांनी गणूचे पणतू वादी आणि बाजीचे प्रतिवादी असतील, तर अख्खा दावा त्या जागेवर उभा आहे. सबाजी आणि बाजी ही दोन्ही नावं आपल्याकडची, त्यामुळे नावावरून काही ठरत नाही.

मग ठरवायचं कसं? आधी त्याच पानावर फिरा. हा लिहिणारा बापाचं नाव कसं घालतो ते पाहा. वरखाली सगळीकडे ‘रामा बिन तुका’, ‘धोंडी बिन मालू’ असं ‘बिन’ घालून लिहीत असेल, तर याच ओळीत तो ‘गणू सबाजी’ असं उघडं नाव लिहील हे संभवत नाही. वाचन ‘गणूस बाजीने’कडे झुकतं. पण तोच हात कधी ‘बिन’ घालतो, कधी गाळतो, असं दिसलं तर हा पुरावा गेला. म्हणून मी फक्त वादातल्या नोंदीची नक्कल घेत नाही. मागची-पुढची पानं मागतो. पक्षकाराला वाटतं, हा फी वाढवायला बघतोय.

दुसरा पुरावा कागदाबाहेर असतो. त्याच सर्व्हे नंबरचा आधीचा फेरफार पाहिला, तर या व्यवहारापूर्वी जमीन कोणाच्या नावावर होती ते कळतं. दस्त नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडच्या सूचीत लिहून देणार आणि लिहून घेणार वेगवेगळे दिसतात. हे सगळं तुम्ही जरूर शोधा. मात्र ते लिप्यंतरात घालायला मला सांगू नका. पानावरच्या अक्षरातून जे सिद्ध होतं तेवढं लिप्यंतरकाराचं. बाहेरच्या कागदावरून जे सिद्ध होतं ते वकिलाने पुराव्यात आणायचं. मी आधीचा फेरफार वाचून ‘गणूस बाजीने’ लिहिलं आणि तसं सांगितलं नाही, तर उलटतपासणीत एका प्रश्नात माझं सगळं लिप्यंतर संशयित होतं.

म्हणून माझी पद्धत अशी. मूळ ओळ जशीच्या तशी, शब्द न तोडता, देवनागरीत उतरवायची. तिच्याखाली तीच ओळ शब्द तोडून, शुद्धलेखन न सुधारता. जिथे दोन वाचनं शक्य आहेत तिथे चौकोनी कंसात दुसरं वाचन, आणि तळटिपेत मी पहिलं का धरलं त्याचं कारण. ओळींना मूळ नकलेप्रमाणे क्रमांक. पान दुप्पट होतं, पण न्यायाधीशांना नक्कल आणि लिप्यंतर शेजारी ठेवून ताडता येतं.

आता याच नोंदीतला आकार. इथे रुपयांच्या आकड्यापुढे उभ्या रेघा असतात, आणि नव्या माणसाला त्या पूर्णविराम वाटतात किंवा एक-एक असे अंक वाटतात. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यांच्यापुढच्या बारीक आडव्या-तिरक्या रेघा सुटे आणे. पाचावर दोन उभ्या आणि दोन बारीक रेघा असतील तर ते पाच रुपये दहा आणे. ते पाच नव्हेत आणि पाचशे अकराही नव्हेत. पडताळा सोपा आहे. समजा पूर्ण नंबरचा आकार ९ रुपये ४ आणे आहे, हिस्सा १ चा ५ रुपये १० आणे आणि हिस्सा २ चा ३ रुपये १० आणे. बेरीज जुळते. रेघा सोडून ५ आणि ३ वाचलेत, तर सव्वा रुपया कुठे गेला याचं उत्तर द्यावं लागेल. हिश्शांची बेरीज केल्याशिवाय मी आकार पक्का करत नाही.

जिल्हा न्यायालयात मराठी चालते, तेव्हा शिवाजीनगरला देवनागरीवर काम भागतं. प्रकरण मुंबईला उच्च न्यायालयात गेलं की इंग्रजी लागतं, आणि ते मोडीवरून थेट करायचं नाही. देवनागरी लिप्यंतरावरून, त्याच ओळक्रमांकांनी करायचं. तिथे घात होतो तो भाषांतरकाराच्या मदतशीलपणाने. नोंदीत ‘कब्जेदार’ आहे. त्याला जुन्या जमीन महसूल कायद्यातला शब्द ‘ऑक्युपंट’. भाषांतरकार ‘ओनर’ लिहितो, आणि वादातला प्रश्न भाषांतरातच निकाली निघतो. ‘खरेदी दिली’ला ‘सोल्ड’ पुरे; त्याला ‘ॲब्सोल्यूट’ चिकटवू नका, कारण पुढच्या ओळीत मुदत खरेदीची अट निघू शकते आणि मग व्यवहार गहाणासारखा ठरू शकतो. आणे दशांशात नेऊ नका. फसली सन १३३४ लिहिलं असेल तर तेच ठेवा. हे साल जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणजे १९२४ चा उत्तरार्ध किंवा १९२५ चा पूर्वार्ध. महिना नसेल तर टीपेत दोन्ही इसवी सनं द्या.

दाखल करताना क्रम असा: प्रमाणित नक्कल, तिच्यामागे लिप्यंतर, मग इंग्रजी. मोबाइलवरच्या फोटोवरून मी लिप्यंतर देत नाही, कारण बारीक रेघा पहिल्यांदा तिथेच पुसतात. कागद तीस वर्षांपेक्षा जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल तर त्याच्या अस्सलपणाबद्दल न्यायालय अनुमान धरू शकतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ९० खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली आहे. पण ते अनुमान कागदाचं, माझ्या वाचनाचं नाही. म्हणून प्रमाणपत्रात मी चारच गोष्टी लिहितो: कोणती नक्कल वाचली, किती ओळी वाचल्या, कोणत्या ओळींत पर्यायी वाचन दिलं आहे, आणि कोणती अक्षरं लागलीच नाहीत. ‘खरं व अचूक भाषांतर’ हा छापील मजकूर कारकून पुढे करतो. त्यात मी ‘ओळ ७ वगळता’ असं हाताने घालतो आणि शेजारी सही करतो.