दोन काड्या

नमस्कार, श्रोतेहो. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत कथा लिहिणारे बरेच आहेत. आज त्यांच्याशी पहिल्या खर्ड्याबद्दल बोलायचंय.

समजा, नवरा गेल्यानंतर एक बाई पहिल्यांदाच रात्री सराफ्यात गराडू खायला आली आहे. खर्ड्यात लिहिलंय: “सराफ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खमंग वासानं तोंडाला पाणी सुटलं. नवऱ्याच्या आठवणीनं तिचे डोळे पाणावले.”

हे कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा आणि “पाय ठेवायला” म्हणून थांबा. ऐकणारा उरलेलं स्वतःच म्हणेल. मग ‘सराफा’ खोडून पुण्याची ‘तुळशीबाग’ लिहा. वाक्याला काही फरक पडत नाही. म्हणजे लिहिताना सराफा डोळ्यांसमोर नव्हता, आणि ती बाईही नव्हती. अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढा.

आता सगळ्यात जड वाक्य घेऊ, डोळे पाणावल्याचं. इथे बहुतेकांचा हात उपमेकडे जातो: “डोळे तळ्यासारखे भरून आले.” हे वाक्य नवं दिसतं, पण बाई अजूनही दिसत नाही. उपमा शोधण्याआधी विचारा, तिचे हात काय करताहेत? हे दोघं इथे यायचे तेव्हा कसे खायचे? एकाच दोन्यात, दोन काड्यांनी. मग असं लिहिता येईल:

“गराडूवाल्यानं लिंबू पिळलं, जिरावन भुरभुरलं आणि एक काडी खोचली. ‘भैया, दो लगाना,’ ती सवयीनं म्हणाली. त्यानं दुसरी खोचली. तिनं ती काढून त्याच्यापुढे ठेवली.”

डोळ्यांचा उल्लेखही नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं. जिरावन आणि लिंबू आल्यावर तोंडाला पाणी सुटल्याचं वाक्यही गळून पडतं.

राहिली गर्दी. तिथेही काही नवं सुचतं: मागच्या माणसाची रबडी तिच्या पदराला लागली आणि तो काही बोलायच्या आत गर्दीनं त्याला पुढे ढकललं. मला हे चित्र आवडतं, तरी मी ते काढेन. पदरावरची रबडी डोळ्यांसमोर राहिली तर काडीकडे लक्ष जाणार नाही. इथे “गर्दी होती” एवढंच पुरे. साधं वाक्य म्हणजे गुळगुळीत वाक्य नव्हे. ते लक्ष वेधून घेत नाही आणि जड वाक्याला जागा देतं.

आणि एक जागा पेन्सिलीतून वगळा: पात्रांचं बोलणं. हीच बाई घरी आल्यावर सुनेला म्हणेल, “अगं, पाय ठेवायला जागा नव्हती बघ.” ते तसंच राहू द्या. माणसं असंच बोलतात, आणि इथे तर ती काडीबद्दल सुनेला काहीच सांगत नाहीये.