पन्नास म्हणजे किती मिली?

(नर्सिंग स्टाफ आणि फार्मसीच्या मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माईकबद्दलची बडबड काढून टाकली.)

बसा, बसा, पुढे या ना, मागे बसलेल्यांना मी रात्रपाळीच्याच समजते. कार्डावर माझा विषय ‘हाय अलर्ट औषधं आणि लेबलिंग’ असा छापलाय. लेबलिंगवर येणारच आहे, पण त्याआधी या दोन सिरिंज फिरवते. एक लाल टोपीची, एक नारंगी. हातात घ्या, रेघा बघा आणि पुढे द्या. दोन्ही इन्सुलिनच्या, दोन्ही एक मिलीच्या. लालवर 40 पर्यंत रेघा आहेत, नारंगीवर 100 पर्यंत. आपल्याकडे वायलमधलं साधं इन्सुलिन बहुतेक ठिकाणी एका मिलीत 40 युनिटचं येतं, पेनमधली कार्ट्रिज 100 ची, काही वायलसुद्धा 100 च्या आणि हे सगळं वॉर्डातल्या एकाच फ्रिजमध्ये, लसींच्या बाजूला, कुणाच्या तरी डब्याच्या मागे. हसू नका, डबा प्रत्येक फ्रिजमध्ये असतो, मी 31 वर्षं बघितलाय आणि त्यातली चार वर्षं तो माझाच होता.

आता गोष्ट. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारूही नका.

आयसीयूमध्ये रात्रपाळी, मी सिनियर, माझ्याबरोबर एक नवीन सिस्टर, हुशार, हात एकदम स्वच्छ. पेशंट साठीच्या बाई, ऑपरेशननंतर शुगर 386. डॉक्टरांनी इन्सुलिनचं इन्फ्यूजन लिहिलं, नेहमीचंच, 50 युनिट, पंपाच्या मोठ्या सिरिंजमध्ये सलाईन घालून एकूण 50 मिली, म्हणजे एका मिलीत एक युनिट. पंपावर ताशी 5 मिली लावलं की ताशी 5 युनिट जातात, हिशोब सोपा राहावा म्हणूनच तसं करतात. दर तासाला शुगर बघायची आणि रेट कमीजास्त करायचा.

वायल 40 ची होती. म्हणजे 50 युनिटला किती मिली? 1.25. आता लाल सिरिंजमध्ये एका वेळी 40 च युनिट मावतात, 50 साठी दोनदा भरावी लागते, आधी 40, मग 10. आमच्या सिस्टरला ट्रेमध्ये नारंगी दिसली, तिच्यावर चक्क 50 ची रेघ आहे, एकदाच ओढलं की झालं. तिने 50 च्या रेघेपर्यंत ओढलं. नारंगीतली 50 ची रेघ म्हणजे अर्धा मिली, आणि 40 च्या वायलमधला अर्धा मिली म्हणजे 20 युनिट. आळस नव्हता बरं का, उलट दोनदा सुई टोचण्यापेक्षा एकदाच बरं, हा विचार चांगल्या सिस्टरचाच असतो.

मग तिने मला हाक मारली, “मॅडम, चेक करता का, इन्सुलिन 50 युनिट.” मी शेजारच्या बेडचं सक्शन करत होते, मान वळवून बघितलं, सिरिंजचा दट्ट्या 50 वर, वायल इन्सुलिनची. म्हटलं, “हो, 50, बरोबर.” आणि सही केली. दोन सह्या झाल्या, डबल चेक पूर्ण.

इथे जरा थांबते, कारण माझं सगळं दुखणं इथेच आहे. तिने मला उत्तर आधीच सांगितलं होतं. मी 50 शोधायला गेले आणि मला 50 सापडलं. तुमच्यातल्या किती जणींची भिशी आहे? हात वर करा... अरे वा, सगळ्याच! एखादी नोटांचा गठ्ठा देते, “वीस हजार आहेत गं, मोजून घे.” आपण मोजतो, 500 च्या नोटा, 38 झाल्या, 39 झाल्या, इतक्यात कुणीतरी हाक मारतं आणि आपण म्हणतो हो हो बरोबर आहेत. तीच बाई काही न सांगता गठ्ठा देऊन म्हणाली असती “किती आहेत बघ गं”, तर आपण 39 वरच थांबून परत मोजलं असतं. मोजणारी तीच, नोटाही त्याच, फक्त आकडा आधी कानावर पडला नाही.

तर पंप 11 वाजता सुरू, ताशी 5. आम्हाला वाटतंय 5 युनिट चाललेत, प्रत्यक्षात दोनच. बाराला शुगर 379, एकला 371. रेट 6 केला. दोनला 360, रेट 8. डॉक्टरांना फोन, ते म्हणाले सुरुवातीला इन्सुलिन नळीला चिकटतं, थोडं वाढवा. आता हे खोटं नाही हं, इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतंच, म्हणून तर नळीतून थोडं वाहू देऊन मग जोडतात. त्यामुळे तेव्हा कुणाला शंका आली नाही, चुकीला असं एखादं खरं कारण मिळालं की ती रात्रभर आरामात झोपते. चारला 331, रेट 10. पाचला 312, चला, उतरतेय बाबा.

पावणेसहाला पंप वाजला, सिरिंज संपली. मी दुसऱ्या बेडवर होते, नवीन सिरिंज तिसऱ्या सिस्टरने भरली, तिने लालच घेतली, आधी 40 मग 10, अगदी बरोबर 1.25 मिली. आणि रेट? तो आधीचाच, 10. म्हणजे पेशंटला तासाला चार युनिट जात होते ते एका क्षणात दहा झाले, अडीच पट, आणि तेही कुणीही काहीही चुकीचं न करता. पावणेसातला 214, आम्ही खूश. आठला हँडओव्हर चालू असताना बाई घामाने डबडबल्या, काय बोलतायत कळेना, शुगर 61. पंप बंद, 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली शिरेतून, पंधरा मिनिटांनी 128. थोड्या वेळाने बाईंनी चहा मागितला, बिनसाखरेचा, सवयीने. मी तेव्हा रडले, खोटं कशाला सांगू.

आणि बोल कुणाला लागला? तिसरीला! जिने बरोबर भरली तिला. कारण शुगर पडली ती तिच्या सिरिंजनंतर. तिला म्हणे लेखी खुलासा द्या. मी ट्रे उचलायला गेले तर किडनी ट्रेमध्ये 40 च्या वायलशेजारी नारंगी टोपी पडलेली. ती टोपी बघितली आणि पोटात गोळाच आला, कारण दुसरी सही माझी होती. जाऊन सांगितलं.

मग कमिटी बसली, दीड तास, बिस्किटं चांगली होती. ठरलं काय, तर इन्फ्यूजनच्या फॉर्मवर तिसऱ्या सहीचा रकाना वाढवायचा. (हशा) हसताय, पण तुमच्या फॉर्मवर किती रकाने आहेत ते जाऊन बघा. तिसरी आली असती तरी “50 ना? 50” म्हणूनच गेली असती.

खरा वेगळा चेक कसा, तर पहिलीने आकडा सांगायचाच नाही. फक्त म्हणायचं, “सहा नंबरला इन्सुलिन इन्फ्यूजन, चेक हवाय.” दुसरीने डॉक्टरांची ऑर्डर स्वतः वाचायची, वायल हातात घेऊन ताकद स्वतः वाचायची आणि किती मिली ते चिठ्ठीवर लिहायचं. युनिट नाही, मिली. मग दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. मी त्या रात्री 1.25 लिहिलं असतं आणि समोरची सिरिंज तर अख्खी एकच मिलीची, त्यात 1.25 मावणार कसं? तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. शेवटी पंपावरचा रेट आणि नळी कुठल्या पेशंटला जातेय ते बघायचं, आणि हे सिरिंज बदलताना परत करायचं, सुरू करतानाच नाही.

याला दोन-तीन मिनिटं जातात, म्हणून सगळ्या औषधांना लावायचं नाही. पॅरासिटामॉललाही डबल चेक लावला की लोक डोळे मिटून सह्या करायला शिकतात. इन्सुलिन आणि हेपॅरिनचं इन्फ्यूजन, मॉर्फिन-फेंटानिल, केमो, लहान मुलांचे डोस, बास. आणि दोघींचाही समज एकच चुकीचा असेल तर चेक काही पकडत नाही हेही माहीत असू दे, दोघींना नारंगीची रेघ म्हणजेच युनिट वाटत असेल तर चिठ्ठ्याही जुळतील. म्हणून नारंगी सिरिंज 40 च्या वायलजवळ ठेवायचीच नाही. पोटॅशियम क्लोराइडचंही तेच, दहा मिलीच्या अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट, दिसायला डिस्टिल्ड वॉटरची बहीण. तिला चेक वगैरे नको, वॉर्डाच्या कपाटातूनच बाहेर काढा, फार्मसीने पातळ करून पाठवावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे लेबलिंग पाच मिनिटांत, ठीक आहे.

आमच्या त्या सिरिंजवर लेबल होतं. पांढरी चिकटपट्टी, पेनने ‘इन्सुलिन 50 युनिट’. म्हणजे सिस्टरच्या मनात जे होतं ते लिहिलेलं, सिरिंजमध्ये काय गेलं ते नाही. माझा आग्रह आहे की इन्सुलिनच्या लेबलवर एक ओळ वाढवा, वायलची ताकद आणि किती मिली काढलं. ‘वायल 40, काढलं 0.5 मिली’ असं लिहिलेलं असतं तर पावणेसहाला सिरिंज बदलणारीने ते वाचलं असतं आणि रेट 10 तसाच ठेवला नसता. बाकीचं नेहमीचं, पेशंटचं नाव आणि नंबर, एकूण 50 मिलीत 50 युनिट, एका मिलीत 1 युनिट, वेळ, दोघींची नावं. पट्टी रेघांवर चिकटवू नका, आणि औषध भरल्या भरल्या लावा, ट्रेमध्ये ठेवून मग नको. ‘युनिट’ पूर्ण लिहा, आकड्यापुढे इंग्रजी यू लिहिलात की घाईत तो शून्य दिसतो, 10 चे 100 होतात. आणि अर्धा लिहिताना पॉइंटच्या आधी शून्य घाला, नाहीतर पॉइंट पुसला की पाचच उरतात.

रंगीत पट्ट्या, मोठ्या अक्षरातली नावं, हे राहिलं, त्यावर पुन्हा कधीतरी.

प्रश्न? हो, तुम्ही... बरोबर, रात्री वॉर्डात एकटीच असेल तर? शेजारच्या वॉर्डातून बोलवा, ती येईपर्यंत इन्फ्यूजन दहा मिनिटं उशिरा लागलं तरी चालतं. तीही नसेल तर ड्युटी डॉक्टरांना चिठ्ठीवर मिली लिहायला लावा, ते कुरकुर करतील, करू देत. तेही जमत नसेल तर तसं लिहून वरिष्ठांना द्या, पण दुसऱ्या रकान्यात सकाळी आलेलीची सही घेऊ नका, मी तेही केलंय एकदा.

चहा आलाय वाटतं. सिरिंज दोन दिल्या होत्या, माझ्याकडे लालच परत आलीय, नारंगी कुणाकडे आहे?