माल कमी विकला, खर्चबी कमी झाला, मग सेल्स मॅनेजरला शाबासकी द्यायची का?

नमस्कार मंडळी, आज आपण सेल्स मॅनेजरचा हिशेब कसा तपासायचा ते पाहू. आपल्याकडं जिनिंग, ऑइल मिल, डाळ मिल चालवणारे बरेच जण सीझनच्या आधी बजेट करतात अन सीझन संपला की तोच कागद काढून मॅनेजरला समोर बसवतात, आन् तिथंच अन्याय होते, कधी मॅनेजरवर तर कधी मालकावर.

उदाहरण घ्या, यवतमाळकडची एक सरकी ढेपीची मिल. आकडे मी हिशेबाच्या सोयीचे घेतो. ठरलं होतं की सीझनला 10,000 पोती विकायची. विक्रीचा खर्च म्हणजे पोत्यामागं 30 रुपये एजंटचं कमिशन अन 60 रुपये ट्रकभाडं, झाले 90, म्हणजे 9 लाख. वरून पगार, ऑफिसभाडं वगैरे 4 लाख, ते पोती किती का विकेनात लागतेच. एकूण बजेट 13 लाख.

आता झालं काय, पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, हिरवा चारा दिवाळीनंतरही टिकला, मग ढेप कोण घेते? विकली गेली 8,000 पोती. खर्च झाला 12 लाख 40 हजार. मालकानं 13 लाखांच्या बजेटशी ताडून पाहिलं आन् म्हणाला, वा, 60 हजार वाचवले.

इथंच थांबा. हे झालं स्टॅटिक बजेट, 10,000 पोत्यांसाठी केलेलं अन तिथंच गोठलेलं. जी 2,000 पोती गेलीच नाहीत त्यांचं कमिशन अन भाडं लागणारच नव्हतं, त्याला बचत कशी म्हणता येईन?

फ्लेक्सिबल बजेटमध्ये दर तेच ठेवायचे, फक्त पोती खरी घ्यायची. 8,000 गुणिले 90 म्हणजे 7 लाख 20 हजार, अधिक ते 4 लाख. 4 लाखाला हात लावायचा नाही बरं का, खूप जण तेबी पोत्याच्या प्रमाणात कमी करून टाकतात अन मग मॅनेजर उगाच खर्चिक दिसते. एकूण 11 लाख 20 हजार. खर्च झाला 12 लाख 40 हजार. म्हणजे 60 हजार वाचले तर नाहीच, 1 लाख 20 हजार जास्त गेले!

हे पैसे गेले कुठं? कमिशन बरोबर 30 रुपयांनीच दिलंय. मग भाड्याची बिलं काढा. एका ट्रकमध्ये 200 पोती बसतात, पुसद-दिग्रस लाईनला फेरीचं भाडं 12,000 धरलं होतं, म्हणून 60 रुपये पोतं. पण या सीझनला ट्रक सरासरी 160 पोती घेऊनच निघाले. 40 फेऱ्यांचं काम 50 फेऱ्यांत झालं, 10 फेऱ्या जास्त, 1 लाख 20 हजार. हिशेब जुळला.

पण लगेच मॅनेजरवर चढू नका. आधी डिस्पॅचचं रजिस्टर पाहा. मिलमध्ये माल तयार नव्हता म्हणून ट्रक अर्धवट गेले असतील तर तो दोष प्रॉडक्शनचा. दुकानदाराचा फोन आला की ट्रक काढा, दुसऱ्या गावची ऑर्डर जोडायची वाटच पाहायची नाही, असं चाललं असेल तर मात्र जबाबदारी मॅनेजरचीच. माझ्या मते मॅनेजरला विचारायचा खरा प्रश्न हाच आहे, अन स्टॅटिक बजेटमध्ये तो कधी दिसलाच नसता.

उलटंही होते. समजा 12,000 पोती विकली अन खर्च झाला 14 लाख 30 हजार. जुन्या कागदावर 1 लाख 30 हजार जास्त, बिचाऱ्याचं इन्क्रिमेंट कापतील. पण 12,000 पोत्यांना परवानगीच 14 लाख 80 हजारांची होती, म्हणजे त्यानं 50 हजार वाचवून दिले.

मग कमी विकलेल्या 2,000 पोत्यांचं काय, ते माफ? नाही. त्याचा हिशेब वेगळा मांडायचा. पोत्याची किंमत 1,700, मिलचा ठरलेला खर्च 1,450, विक्रीखर्च 90, राहिले 160. म्हणजे 3 लाख 20 हजारांचा नफा हुकला. मिलचा खर्च इथं ठरलेल्या दरानंच धरायचा, नाहीतर मिलमधल्या विजेच्या बिलाचं ओझंबी मॅनेजरच्या डोक्यावर येते. अन हा आकडा खर्चाच्या 1 लाख 20 हजारात मिसळू नका. यात चाऱ्याचा वाटा किती अन मॅनेजरच्या मेहनतीचा किती, ते ठरवायला आजूबाजूच्या मिलची विक्री किती पडली ते पाहावं लागते. साऱ्यांचीच पाचवा हिस्सा पडली असेल तर त्या माणसाला कशाला धरता, अन बाकीच्यांची टिकली असेल तर मग बसून विचाराच.

एक अडचण सांगतो, हे 90 अन 4 लाख सीझनच्या आधी मागच्या बिलांवरून, मॅनेजरला सोबत घेऊन लिहून ठेवा. त्यांनी आधीच भाडं 80 लावून घेतलं तर फ्लेक्सिबल बजेटमध्येही त्या 10 जास्तीच्या फेऱ्या लपून जातात.