‘वेतनात बदल नाही’ या वाक्याबद्दल

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. आजच्या विषयाचं नाव संयोजकांनी फार रुबाबदार ठेवलंय: ‘भूमिकाबदलाचं पत्र: मसुदा आणि मांडणी’. म्हणजे माणूस त्याच कंपनीत, त्याच पगारावर राहतो. फक्त काम बदलतं आणि साहेब बदलतो. ते त्याला कळवणारं पत्र. मसुदा मी शेवटी देणारच आहे. त्याआधी माझं एक जुनं दुखणं तुम्हाला ऐकवायचं आहे, कारण घरी ते आता कोणी ऐकत नाही.

मी कार्मिक विभागात आलो तो पुढे. त्याआधी एका कारखान्याच्या भांडारात होतो. एका शुक्रवारी, सुटायला वीस मिनिटं असताना, माझ्या हातात पत्र पडलं. (ही पत्रं शुक्रवारी संध्याकाळीच का देतात? कारण शनिवार-रविवार विचारायला कोणी जागेवर नसतं. हसताय म्हणजे तुम्हीही दिली आहेत.) चार वाक्यांचं पत्र. ‘येत्या 1 तारखेपासून आपणाकडे खरेदी नियोजनाचे काम सोपविण्यात येत आहे. आपण खरेदी व्यवस्थापकांच्या अधिपत्याखाली काम कराल. आपल्या वेतनात कोणताही बदल होणार नाही. इतर सर्व अटी व शर्ती पूर्वीप्रमाणे राहतील.’ खाली सही, शिक्का. चारही वाक्यं खरी होती. त्या चारांनी मला आठ महिने छळलं.

पहिलं वाक्य घ्या. काम सोपवलं, हे लिहिलं. कोणतं काम काढून घेतलं, हे लिहिलंच नाही. भांडाराच्या किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या, कारण घ्यायला कोणी आलं नाही, आणि नव्या माणसाची नेमणूक ‘होतेय, होतेय’ म्हणत लांबली. सकाळी मी खरेदीच्या टेबलावर. दुपारी कोणीतरी मागणीचिठ्ठी घेऊन यायचं, ‘दोन मिनिटं या हो, बेअरिंग काढून द्या.’ मी जायचो. स्वभाव. तीन महिन्यांनी साठ्याची मोजणी झाली, त्यात 14 बेअरिंग कमी. नोंदवहीवर नाव माझं. मी म्हणालो, मी तर खरेदीत आहे. ते म्हणाले, पत्र दाखवा. पत्र दाखवलं. त्यात भांडाराचा ‘भ’सुद्धा नव्हता! माझ्यावर पैसे बसले नाहीत, पण खुलासा लिहून द्यावा लागला, आणि तो खुलासा फाइलला लागला तो कायमचा.

म्हणून मी कोणताही मसुदा आला की पहिल्यांदा एकच वाक्य शोधतो: ‘अमुक तारखेपासून पुढील कामे आपल्याकडे राहणार नाहीत.’ दहापैकी नऊ मसुद्यांत ते नसतं. देणाऱ्याला नवं काम दिसतं, जुनं काम हवेत विरून जाईल असं त्याला वाटतं. काम विरत नसतं. ज्याला ते करण्याची सवय आहे त्याच्याच गळ्यात ते राहतं.

आता तिसरं वाक्य. (दुसऱ्याकडे परत येतो, विसरलो तर आठवण करा.) ‘वेतनात कोणताही बदल नाही.’ हे वाचून मला हायसं वाटलं होतं. पहिला पगार झाला आणि बायकोने विचारलं, कापला का? हिशेब साधा आहे. भांडारात महिन्याचे माझे नेहमीचे तास 208. त्याशिवाय सरासरी 20 तास ओव्हरटाइम, तोही दुप्पट दराने, म्हणजे 40 तासांचे पैसे. एकूण 248 तासांचा पगार घरी यायचा. खरेदीतलं पद ‘अधिकारी’ दर्जाचं, त्याला ओव्हरटाइम लागू नाही. मी आलो 208 वर. मूळ पगार पैशाने कमी झाला नव्हता, हातात पडणारी रक्कम मात्र सुमारे सोळा टक्क्यांनी घटली. शिवाय काम संध्याकाळी सातपर्यंत चालायचं ते वेगळंच. आणि पत्र खोटं बोललेलं नव्हतं, हे विशेष. ‘वेतन’ म्हणजे मूळ पगार असं त्यांनी मनात धरलं होतं, मी खिसा धरला होता.

ही चूक मीही पुढे केली आहे, सांगून टाकतो. रात्रपाळीतल्या एका तंत्रज्ञाला दिवसपाळीत पर्यवेक्षक केलं. पत्रात लिहिलं, वेतन कायम. त्याचा पाळीभत्ता बंद झाला. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, तुम्ही लिहिलं ते तुम्ही वाचलं होतं का?’ उत्तर नव्हतं. तेव्हापासून त्या वाक्याखाली मी फोड लिहितो: मूळ पगार कायम, निश्चित भत्ते कायम, पाळीभत्ता आणि ओव्हरटाइम या तारखेपासून लागू नाही, वेतनवाढीची तारीख पूर्वीचीच. कडू असतं, पण पहिल्या पगाराच्या दिवशी कळण्यापेक्षा पत्रात कळलेलं बरं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘सात मिनिटे.’ म्हणजे मसुदा आता पळत पळत.

दुसरं वाक्य, साहेबाचं. नुसतं ‘अमुकांच्या अधिपत्याखाली’ पुरत नाही. रजा कोण मंजूर करणार, रोजचं काम कोण सांगणार, वार्षिक मूल्यमापन कोण लिहिणार, हे तीन प्रश्न तपासा. माझी रजा सहा आठवडे दोन साहेबांच्या मध्ये फिरत होती, प्रत्येकजण म्हणायचा ‘त्यांना विचारा’. वर्षाच्या मध्ये बदल असेल तर जुन्या साहेबाचा अभिप्राय बदलाच्या दिवसापर्यंतचा लेखी घेऊन ठेवा. नाहीतर मार्चमध्ये नवा साहेब म्हणतो, मी तर याला सहाच महिने ओळखतो. हजेरीच्या संगणकप्रणालीतही साहेब त्याच दिवशी बदला. पत्र एक सांगतं आणि यंत्रणा दुसरं, तर जिंकते यंत्रणा.

चौथं वाक्य, ‘इतर अटी पूर्वीप्रमाणे’. ठेवा, पण आधी मूळ नेमणूकपत्र उघडून शेजारी ठेवा. कामाच्या वेळा, नोटिशीचा कालावधी, कामाचं ठिकाण यांपैकी काही बदलत असेल तर हे वाक्य पत्रालाच खोटं पाडतं. आणि नेमणूकपत्रात ‘कंपनी कोणतेही काम देऊ शकेल’ असं कलम आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पगार तोच ठेवून माणसाला खालच्या दर्जाच्या कामावर बसवलंत तर त्याला पदावनती म्हणता येते, आणि वाद तिथे उभा राहतो. असा मोठा बदल असेल तर पत्राआधी बोलणं आणि लेखी संमती, या क्रमानेच जा.

तारखा दोन लागतात: पत्राची आणि अंमलाची. अंमलाची तारीख मागची टाकू नका, मधल्या दिवसांची जबाबदारी कोणाची हे कोणीच सांगू शकत नाही. दोन्हींच्या मध्ये कार्यभार सोपवण्याचे दिवस ठेवा, आणि देणारा-घेणारा दोघांच्या सह्यांची यादी पत्राला जोडा. किल्ल्या, वह्या, साठा, संगणकाचे प्रवेशाधिकार, सगळं तिच्यात.

शेवटी खालची सही. बहुतेक पत्रांवर छापलेलं असतं, ‘वाचले व मान्य’. माणूस घाबरून सही करतो किंवा रागाने करत नाही, दोन्ही वाईट. दोन वेगळ्या ओळी ठेवा: ‘पत्र मिळाले’ आणि ‘बदल मान्य आहे’. पहिलीवर त्याच दिवशी सही घ्या, दुसरीला चार दिवस द्या. आणि पत्र सोमवारी सकाळी द्या.

वेळ संपली म्हणतायत. 14 बेअरिंगांचं पुढे काय झालं ते चहाच्या वेळी विचारा. सापडली होती.